मावशीच्या सहीतला कचरा

माझा राग नाकावर असतो, हे मानोऱ्याच्या स्टँडजवळ कुणालाही विचारा. झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान चालवून चालवून तो तिथं जाऊन बसलाय. लोक सही आणतात कशी? लग्नपत्रिकेच्या पाठीवर केलेली, मोबाईलनं तिरका फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकलेली, वर फोटो काढणाऱ्याच्याच डोक्याची सावली. आणि म्हणतात, ताई, लावून द्या ना एवढी, दोन मिनिटांचं तर काम आहे. दोन मिनिटांचं! तो फोटो जसाच्या तसा लावला तर सहीभोवती मळकट चौकोन दिसतो, आणि रेघेच्या कडेला कापूस चिकटल्यासारखं धूसर धूसर येतं. प्रिंट हातात पडली की हेच लोक मला विचारणार, हे असं काहून आलं?

म्हणून माझा नियम होता. सही कोऱ्या पांढऱ्या कागदावर, चांगल्या वाहत्या पेनानं, माझ्यासमोर करायची. शिक्का वेगळ्या कागदावर मारायचा, सहीवर नाही, कारण निळी शाई आणि जांभळी शाई एकमेकींत मिसळली की मग वेगळी करता करता नाकी नऊ येतात. आणि काम झालं की कागद मालकाच्या हातात परत, स्कॅन माझ्या कॉम्प्युटरवरून डिलीट. कुणाची सही दुकानात पडून राहिलेली मला चालत नाही. या नियमाचा मला फार गर्व होता.

मावशी दुकानात आली ती ग्रामसेवकांबरोबर. मावशी म्हणजे माझी सख्खी नव्हे. आमच्या भागातल्या एका गावची सरपंच, पन्नाशीची, बौद्ध वस्तीतली, जन्मभर दुसऱ्याच्या वावरात निंदण-खुरपण केलेली. आरक्षण पडलं आणि वस्तीनं तिला उभं केलं. तिच्या मुलीनं निवडणुकीच्या आधी वर्षभर तिला रोज पाटीवर अक्षरं गिरवायला लावली होती, हे मला माहीत होतं, कारण त्या मुलीचे फॉर्म माझ्याकडेच भरले जायचे. गावात दहावी-बारावीच्या पोरांचा आणि बचत गटांचा सत्कार होता. सव्वाशे प्रमाणपत्रं, क्रीम रंगाच्या जाड कागदावर. ठरावांवर, रजिस्टरवर मावशी स्वतःच्या हातानं सही करायची. पण सव्वाशे प्रमाणपत्रांवर एवढ्या कमी वेळात कुठून करणार? ग्रामसेवक म्हणाले, स्कॅन करून लावा. मावशीनं मान डोलावली.

मी तिला कागद दिला, पेन दिलं. तिनं खुर्ची पुढं ओढली, पदर खोचला आणि पेनाचं टोक कागदावर ठेवून थांबली. इतकी थांबली की तिथं शाईचा टिपका उमटला. मग एक अक्षर. हात वर. दुसरं अक्षर. हात वर. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर वेगळी रेघ, मधे फटी. शेवटचं वळण खाली येता येता थरथरलं. तिनं कागद माझ्याकडं सरकवला आणि म्हणाली, झाली. मागं झेरॉक्ससाठी उभा असलेला एक जण ओठ दाबून हसला. मी त्याच्याकडं असं बघितलं की तो बाहेरच जाऊन उभा राहिला.

खरं सांगते, त्या हसण्यानंच मला पुढचं सगळं करायला लावलं. मला वाटलं, ही प्रमाणपत्रं घराघरात फ्रेम होऊन लागणार, आणि सव्वाशे घरांत लोक आपल्या बाईच्या सहीकडं बघून असेच ओठ दाबणार. माझ्या जिवाला ते सोसेना.

संध्याकाळच्या आत मी ती सही साफ केली. सहाशे डीपीआयवर रंगीत स्कॅन केली, कागदाचा करडेपणा काढून तो स्वच्छ पांढरा केला, शाई गडद केली. इथपर्यंत माझं काम होतं. यानंतर पांढरं तेवढं पारदर्शक करायचं, पीएनजी म्हणून सेव्ह करायचं, झालं असतं. पण मोठं करून पाहिलं तर ती थरथर डोळ्यांत खुपायला लागली. मग मी पेन टूल घेतलं आणि तिच्या रेघांवरून नवी रेघ फिरवली. सुरुवातीचा टिपका पुसला. फटी बुजवून डोक्यावरची रेघ एकसलग ओढली. शेवटचं वळण असं डौलदार फिरवलं की काय सांगू. कडा ब्लेडनं कापल्यासारख्या, कितीही मोठं करा. क्रीम कागदावर छापली तर वाटावं आत्ताच पेनानं केली आहे. नियमाप्रमाणे कागद परत दिला, स्कॅन डिलीट केला. उरली ती फक्त प्रमाणपत्रांवरची देखणी सही.

सत्कार झाला. पुढं पंधरा-वीस दिवसांनी ग्रामसेवकांचा फोन आला. आवाज पडलेला. गावातल्या माजी सरपंचानं पंचायत समितीत तक्रार दिली होती: सरपंचबाईंना सही येत नाही, कुणीतरी शिकलेला माणूस त्यांच्या नावानं सह्या ठोकतो, त्यामुळं आजवरचे सगळे ठराव संशयाचे आहेत. पुरावा म्हणून एक प्रमाणपत्र आणि रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स शेजारी शेजारी जोडली होती. एकीकडं फटी, टिपका, थरथर. दुसरीकडं माझी सलग रेघ. कुणीही म्हणेल, हे दोन माणसांचे हात आहेत. ग्रामसेवकांनी मला एवढंच विचारलं, ताई, सहीत काही बदल केला होता का तुम्ही?

मी म्हणाले, नाही. जशी दिली तशीच लावली.

का म्हणाले? घाबरले म्हणून. दुसऱ्याची सही बदलली, असं एकदा तोंडातून गेलं की बनावट सहीचा गुन्हा माझ्याच गळ्यात येतो, हे न कळण्याइतकी मी खुळी नाही. ग्रामसेवकांनी माझं ते वाक्य आपल्या खुलाशात लिहून दिलं. म्हणजे आता ते कागदावर चढलं. घरी जाऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, तू गप राह्य, तुह्या दुकानाले कुलूप लागन. त्याचंही चूक नव्हतं. त्या आठवड्यात मी गिऱ्हाइकांवर इतकी खेकसले की दोघं जण झेरॉक्स न घेताच परत गेले.

चौकशीला मलाही बोलावलं होतं, छपाई करणारी म्हणून. पंचायत समितीत विस्तार अधिकाऱ्यांची खोली; टेबलावर रजिस्टरं, तक्रारीची फाईल, आणि फाईलवर ते क्रीम प्रमाणपत्र. तक्रार करणारे माजी सरपंच पांढरेशुभ्र कपडे घालून पायावर पाय टाकून बसले होते. ग्रामसेवक भिंतीला टेकून. मावशी टेबलासमोर, हातात रुमालाची घडी. तिची मुलगी बाहेर व्हरांड्यात. तिला आत येऊ दिलं नव्हतं, उगाच कुणी म्हणायला नको की लेकीनं सांगितलं. विस्तार अधिकारी माणूस शांत होते, पण तोंडावर काही दिसत नव्हतं. त्यांनी मावशीला स्पष्ट सांगितलं, बाई, सही तुमची नाही असं निघालं तर अहवाल वर जाईल, आणि तुमचं पद जाऊ शकतं. पोलिसांत प्रकरण गेलं तर ते वेगळं. मग कोरा कागद पुढं केला आणि दहा सह्या करायला सांगितलं.

मावशीनं पेन टेकवलं. मी दाराजवळच्या स्टुलावर बसले होते, तिथून तिचा हात सरळ दिसत होता. पहिली सही झाली. दुसरी झाली. हात नेहमीपेक्षा जास्त थरथरत होता, आणि का थरथरणार नाही? चार जण मानगुटीवर बसून बघताहेत. तिसऱ्या सहीला ती थांबली. तिची नजर कागदावर नव्हती. टेबलावरच्या प्रमाणपत्रावर होती. तिनं ते नीट न्याहाळलं, आणि मग अक्षरांत फट न सोडता, हात न उचलता, डोक्यावरची रेघ एका दमात ओढायचा प्रयत्न केला. रेघ घसरली. चौथ्या वेळी पुन्हा. शेवटचं वळण तिनं मोठं, गोल फिरवून पाहिलं आणि ते वेडंवाकडं कोपऱ्यात गेलं.

अगं आई! ती माझी नक्कल करत होती. स्वतःची सही खोटी आणि मी केलेली खरी, असं समजून ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत माझी सही गिरवत होती.

माजी सरपंच हसले. म्हणाले, "पाहा सायब, दर वेळी येगळी. इच्यात ना रजिस्टरची हाये, ना परमानपत्राची. बाईले सही येतच नाई."

विस्तार अधिकाऱ्यांनी पेन उचललं आणि काहीतरी टिपायला लागले. मावशीनं पाचवी सुरू केली. घाम तिच्या कानामागून गळ्यावर उतरत होता, आणि ती पुसत नव्हती. नवऱ्याचं बोलणं आठवलं, कुलूप आठवलं, खुलाशातलं माझं वाक्य आठवलं. आणि मग डोक्यात अशी तिडीक गेली, माजी सरपंचावर नव्हे, माझ्यावर, की मी उठूनच उभी राहिले.

"साहेब, त्यांना थांबवा," मी म्हणाले. "प्रमाणपत्रावरची सही मी बदलली आहे. फोनवर मी खोटं बोलले."

ग्रामसेवकांनी कपाळाला हात लावला. बिचाऱ्यांचा खुलासा माझ्या जिवावर उभा होता. माजी सरपंच म्हणाले की आता बाई तिले वाचवाले आल्या, या दोघी एकच. विस्तार अधिकाऱ्यांनी त्यांना हातानं गप्प केलं आणि मला विचारलं की मूळ स्कॅन कुठं आहे. मी सांगितलं, डिलीट केला. सहीचा कागद? मावशी हळूच म्हणाली की घरी चुलीत गेला असन. म्हणजे पुरावा शून्य. माझा तो गर्वाचा नियम असा अंगाशी आला.

ते म्हणाले, मग तुमच्या शब्दावर मी का विश्वास ठेवू?

मी म्हणाले, ठेवू नका, बघा. त्यांच्याकडून नेहमीसारखी एक सही घ्या. तुमच्याच स्कॅनरवर टाका. मी तुमच्यासमोर, पिशवीतल्या माझ्या लॅपटॉपवर, तेव्हा केलं ते सगळं पुन्हा करते. मग ठेवा दोन्ही शेजारी.

त्यांनी ते प्रमाणपत्र उचलून ड्रॉवरमध्ये टाकलं, ड्रॉवर बंद केला आणि मावशीला म्हणाले, बाई, आता समोर काही नाही. रजिस्टरवर करता तशी करा. घाई नाही.

मावशीनं डोळे मिटले. पेन टेकवून थांबली. टिपका उमटला. एक अक्षर, हात वर. दुसरं, हात वर. मी दुकानात पाहिली होती तीच सही, फटींसकट.

ती स्कॅन झाली, माझ्या लॅपटॉपवर आली. अर्धा तास मी चार माणसांसमोर काम केलं, आणि असा अर्धा तास माझ्या वैऱ्यावरही येऊ नये. एकेक पायरी मोठ्यानं सांगत गेले. हा कागदाचा करडेपणा, तो काढला. यानं सही बदलत नाही. हे स्कॅनरच्या काचेवरचे धुळीचे कण, ते काढले, यानंही नाही. आता इथून पुढं मी चूक केली. आणि पेन टूल घेऊन मी मावशीच्या देखत तिच्या रेघांवरून माझी रेघ फिरवली. टिपका पुसला. फटी बुजवल्या. वळण गोल केलं. खालचा मूळ सहीचा थर झाकला की पडद्यावर ती उभी: गुळगुळीत, सलग, देखणी.

प्रिंट काढली. विस्तार अधिकाऱ्यांनी ड्रॉवरमधून प्रमाणपत्र काढलं आणि दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर धरले. हुबेहूब नव्हत्या, कशा असतील. पण डोक्यावरची रेघ तशीच उजवीकडं चढणारी, आणि शेवटचं वळण तर कुणालाही माझंच म्हणून ओळखू यावं. मग त्यांनी ताजी मूळ सही रजिस्टरच्या पाच-सहा पानांशी ताडून पाहिली. प्रत्येक पानावर टिपका. प्रत्येक पानावर फटी त्याच जागी.

ते म्हणाले, "रजिस्टरचा हात बाईंचा. प्रमाणपत्रावरचा हात तुमचा." आणि लिहायला बसले.

माजी सरपंच काहीबाही बोलत राहिले, की सायब, मंग हे बी गुन्हाच झाला. तो झालाच होता म्हणा. माझा लेखी जबाब घेतला. प्रमाणपत्रं परत बोलावून माझ्या खर्चानं नव्यानं छापून द्यायची, आणि यापुढं असं काही केलं तर कारवाई होईल, असं मला समजावून सांगितलं. मी खाली सही केली.

व्हरांड्यात मुलगी आईला बिलगली. मावशी मात्र माझ्याकडं बघत होती. मी तोंड उघडलं, माफी मागायला. आणि तोंडातून आलं काय, तर मावशी, मी तुमच्या भल्यासाठीच केलं, कुणी हसू नये म्हणून.

"लोकं हासले तं हासू दे ना," ती म्हणाली. रागानं नाही, थकून. "मले वाटलं मशिनीत तशीच येत असन. म्या म्हटलं आपलीच चुकून राह्यली इतले दिस. तुले माही लाज वाटली काय पोरी?"

वाटलीच होती. तिच्यासाठी म्हणून वाटली होती, पण वाटली होती.

चार दिवसांनी ती स्वतःहून दुकानात आली, एकटी. मी म्हणाले, यावेळी सव्वाशे कोरी छापते, तुम्ही हातानंच करा. ती म्हणाली, हात भरून येते, तू मशिनीतच लाव. पण मी बसतो इथंच. आणि बसली, माझ्या शेजारी खुर्ची लावून.

सही केली, मी स्कॅन केली, पडद्यावर आणली आणि इतकी मोठी केली की एकेक रेघ बोटाएवढी झाली. त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसलं की थरथर वेगळी आणि धूसर कड वेगळी. थरथरत्या रेघेची कडसुद्धा स्वच्छ असते, स्कॅन नीट असला की. कागद पांढरा केला, शाई जिथं जितकी फिकट तिथं तितकंच पारदर्शक केलं, म्हणजे कडेला पांढरी किनार राहत नाही आणि करवतीसारखे दातेही पडत नाहीत. उरले ते ठिपके. बारीक बारीक, सहीच्या आजूबाजूला. एरवी मी एका झटक्यात पुसते.

मी माऊस एका ठिपक्यावर नेला आणि विचारलं, मावशी, हा तुमचा की कचरा?

ती पडद्याजवळ वाकली. "थो माहा नाई. काढ."

पुढचा?

"थो बी नाई."

असे सात-आठ गेले. मग दुसऱ्या अक्षराच्या पायाशी एक फिकट ओरखडा होता, शाई अर्धी उतरलेली, एखादा केस चिकटल्यासारखा. मी पैज लावली असती की ती धूळ आहे. माझं बोट बटणावर गेलंही होतं. तरी विचारलं.

मावशीनं बराच वेळ पाहिलं. कागद हातात घेतला, उजेडात धरला, पुन्हा पडद्याकडं पाहिलं.

"थो माहा हाये," ती म्हणाली. "राहू दे."

मी बोट उचललं.